डायलिसिस चुकला, पाय गळाले : ईसीजीच्या पट्टीवर वाढलेले पोटॅशियम कसे ओळखावे?



सोलापूरच्या उन्हाळ्यात कुणाला गळून गेल्यासारखे झाले की आपण शहाळे पाजतो, ओआरएस देतो. घरात किडनीचा रुग्ण असेल तर मात्र हेच जिवावर बेतू शकते. शहाळे आणि ओआरएस दोन्हींत पोटॅशियम असते. चांगली किडनी जादा पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते, बंद पडलेली किडनी टाकू शकत नाही. मग ते रक्तात साठते आणि हृदयाच्या ठोक्यांची वीज बिघडवते. हा बिघाड ईसीजीवर दिसतो.

आधी पट्टी समजून घेऊ. प्रत्येक ठोक्याच्या तीन खुणा असतात. पहिली छोटी टेकडी म्हणजे पी. मग उंच, बारीक सुळका म्हणजे क्यूआरएस. शेवटी गोलसर उतरती टेकडी म्हणजे टी. कागदावरचा एक बारीक चौकोन म्हणजे 0.04 सेकंद. क्यूआरएस तीन बारीक चौकोनांपेक्षा अरुंद असावा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, यंत्रमागावर काम केलेले पन्नाशीचे एक दादा आहेत. त्यांचा डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतो. अक्कलकोटला लग्न होते म्हणून शुक्रवारचा चुकला. रविवारी ऊन लागले म्हणून दोन शहाळी प्याले. सोमवारी सकाळी पाय इतके जड झाले की खाटेवरून उठता येईना. घरच्यांना वाटले, उन्हाळा बाधला. नाडी मोजली तर मिनिटाला 44.

कॅज्युअल्टीत ईसीजी काढला. छातीवरच्या लीडमध्ये, व्ही टू ते व्ही फोरमध्ये, टी उंच, टोकदार आणि बुडाशी अरुंद दिसली, जणू तंबू ठोकला आहे. बहुतेक वेळा ही पहिली खूण असते. हार्ट अटॅकच्या सुरुवातीलाही टी उंच होते, पण तिचे बूड सहसा रुंद असते. पुढे पाहिले तर पी टेकडी सपाट होऊन दिसेनाशी झालेली. आणि क्यूआरएस चार चौकोनांचा झालेला. म्हणजे वीज आता हृदयातून रेंगाळत चालली आहे. इथे उपचार झाला नाही तर क्यूआरएस आणखी रुंद होऊन टीमध्ये मिसळतो. सुळका, टेकडी काही वेगळे उरत नाही, पट्टीवर नुसती नागमोडी रेघ पळते. तिला साइन वेव्ह म्हणतात. त्यानंतर काही मिनिटांत हृदय थांबू शकते.

रक्तातले पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 असते. 6.5 च्या पुढे धोका मोठा. पण आकडा आणि पट्टी नेहमी जुळत नाहीत. कुणाचे पोटॅशियम 7 असूनही ईसीजी साधाच दिसतो, तर कुणाच्या टोकदार टीनंतर थेट ठोकाच बिघडतो. म्हणून ईसीजी चांगला आला तरी डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त तपासायलाच हवे. उलट पट्टीवर या खुणा दिसल्या तर रिपोर्टची वाट पाहत बसायचे नसते.

दादांना पहिले औषध शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट मिळते. ते मॉनिटरवर लक्ष ठेवून हळूहळू देतात. दोन-तीन मिनिटांत क्यूआरएस अरुंद होऊ लागतो. घरच्यांना वाटते, झाले बरे. पण कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, फक्त हृदय सावरते, तेही अर्धा ते एक तास. तेवढ्या वेळात इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात. या इन्सुलिनने साखर पुढचे काही तास खाली जाऊ शकते, म्हणून ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते. शरीरातून पोटॅशियम खरोखर काढायला डायलिसिसच करावा लागतो. म्हणून पट्टी सुधारली तरी रुग्णाला घरी नेऊ नये.

घरच्यांनी एवढे करावे. रुग्ण बरा असतानाचा एक ईसीजी डायलिसिसच्या फाइलमध्ये ठेवावा. जुन्या पट्टीशेजारी नवी धरली की बदल लगेच कळतो. डायलिसिस चुकला आणि पाय गळाले, नाडी मंद झाली किंवा चक्कर आली, तर शहाळे, ओआरएस काहीही न पाजता 108 ला फोन करावा. दारातच सांगावे : "किडनीचा पेशंट आहे, शेवटचा डायलिसिस मंगळवारी झाला, आधी ईसीजी काढा." रक्तदाबाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या पाकिटासह सोबत न्याव्यात, कारण टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, डायक्लोफेनॅक यांनीही पोटॅशियम वाढते. आणि 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे मीठ या घरात आणू नये. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेले असते.