पहिले १५ व्हिडिओ वाचा, बघू नका : तुमच्या विषयातली रिकामी जागा कशी शोधायची



व्हिडिओमध्ये आपण वही घेऊन बसलो होतो. तेच काम इथे सावकाश, एका उदाहरणासह करून बघू. उदाहरण घेतलंय घरगुती मसाल्याचं. समजा तुम्ही घरी काळा मसाला, गोडा मसाला करून विकता आणि आता त्या विषयावर व्हिडिओ टाकायचाय. हेतू दोन : ओळख वाढावी आणि ओळखीतून ऑर्डर यावी.

बहुतेक जण थेट कॅमेरा लावतात आणि मथळा देतात "घरगुती मसाला उद्योग कसा सुरू करावा". हा मथळा आधीच पन्नास जणांनी दिलेला असतो. त्यांचे व्हिडिओ जुने, त्यांना बघणारे जास्त, आणि यूट्यूबकडे त्यांची माहितीही जास्त. त्याच दारात तुम्ही एक्कावन्नावे उभे राहता. त्यापेक्षा आधी बघायचं, की या पन्नास जणांनी काय सांगितलेलं नाही.

पायरी १ : शोध स्वच्छ करा, आणि दोन लिप्यांत करा

ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा. नेहमीच्या खात्यातून शोधलं, तर तुमच्या आवडीचे चॅनल वर येतात आणि चित्र फसवं दिसतं.

आता शोध दोनदा करायचा. एकदा देवनागरीत : "मसाला उद्योग". एकदा रोमन अक्षरांत, कारण आपले कितीतरी लोक मोबाइलवर असंच टाइप करतात :

```
masala udyog marathi
masala business in marathi
```

दोन्ही याद्या एकसारख्या येत नाहीत. दोन्हींतले मिळून वरचे १५ व्हिडिओ घ्या. शॉर्ट्स बाजूला ठेवा, त्यांचा हिशोब वेगळा असतो.

वहीत पाच रकाने आखा : मथळा, कधी टाकलाय, किती जणांनी बघितलाय, चॅनलचे सबस्क्रायबर किती, आणि "हा व्हिडिओ कोणाला, काय देतो म्हणतोय". शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो तुमच्या शब्दांत, एका ओळीत भरा.

सबस्क्रायबर का लिहायचे? लाखो सबस्क्रायबर असलेल्या चॅनलचा व्हिडिओ वर असेल, तर तो विषयामुळे वर आहे की चॅनलमुळे, ते कळत नाही. पण थोडे सबस्क्रायबर असलेला चॅनल पहिल्या पाचात दिसला, तर समजायचं की या विषयात नव्या माणसाला जागा मिळते. तो मथळा दोनदा वाचा.

पायरी २ : मथळ्यांचे गठ्ठे करा

पंधरा ओळी भरल्या, की एकसारख्या ओळी एकत्र करा. समजा तुमच्या वहीत असं निघालं : सहा व्हिडिओ "कमी भांडवलात मसाला उद्योग" सांगतात, चार मशीन दाखवतात, तीन रेसिपीचे आहेत, दोन परवान्याचे. म्हणजे सुरुवात कशी करायची, मशीन कोणतं घ्यायचं आणि मसाला कसा करायचा, इथे गर्दी आहे.

आता तारखांचा रकाना बघा. एखाद्या मथळ्यात "उद्योग आधार" असेल, तर ती माहिती जुनी झाली. १ जुलै २०२० पासून त्याऐवजी उद्यम नोंदणी आली. अन्न परवान्याचंही पोर्टल २०२० मध्ये बदलून फॉसकॉस झालं. जुना व्हिडिओ अजून वर दिसतोय आणि त्यातली पायरी आता चालत नाही, हीसुद्धा रिकामी जागाच आहे. फक्त एक लक्षात ठेवा : अशा विषयावर व्हिडिओ केला, तर नियम पुन्हा बदलल्यावर तुमचाही तो जुना होणार.

पायरी ३ : डिस्क्रिप्शन उघडा

मथळा आश्वासन देतो, डिस्क्रिप्शनमध्ये मालाचा अंदाज येतो. "अधिक" दाबून पूर्ण वाचा. तीन गोष्टी शोधा.

पहिली, वेळेसह दिलेले मुद्दे, म्हणजे चॅप्टर. मथळ्यात "संपूर्ण माहिती" लिहिलंय आणि चॅप्टर मात्र मशीन, कच्चा माल, नफा एवढेच आहेत, तर "संपूर्ण" शब्दातली पोकळी तुमच्यासमोर आली. दुसरी, फोन नंबर कोणाचा आहे. तो मशीन विकणाऱ्याचा असेल, तर व्हिडिओ मशीनपाशीच थांबणार. माल तयार झाल्यावर पुढे काय, हे सांगण्यात त्याला रस नाही. तिसरी, नुसते हॅशटॅग आणि शब्दांची रांग. अशा डिस्क्रिप्शनवरून व्हिडिओत काय आहे ते कळत नाही, म्हणून तिथे निष्कर्ष काढू नका. "ट्रान्सक्रिप्ट दाखवा" हा पर्याय असेल तर तो उघडून नजर फिरवा.

आपल्या उदाहरणात समजा असं दिसलं : पंधरापैकी एकाही व्हिडिओत पाकिटावर काय छापायचं, याचा वेगळा चॅप्टर नाही. परवान्याच्या दोन व्हिडिओंत नोंदणी कशी करायची तिथपर्यंत माहिती आहे. नंबर हातात आला, आता तो कुठे लिहायचा, सोबत आणखी काय लिहायचं, ते नाही.

पायरी ४ : जागा रिकामी आहे की ओसाड, ते तपासा

इथे घाई होते. कोणी व्हिडिओ केला नाही, याची दोन कारणं असू शकतात. एक, कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन, कोणाला ते नकोच आहे. फरक कळायला त्याच १५ व्हिडिओंखालच्या कॉमेंट वाचा. "छान माहिती सर" सोडून द्या, प्रश्नचिन्ह असलेल्या कॉमेंट वहीत उतरवा, आणि लोकांच्या शब्दांतच उतरवा.

आपण "लेबल" म्हणतो. कॉमेंटमध्ये लोक विचारतात, "पाकिटावर स्टिकर कसं बनवायचं", "पॅकिंगवर काय काय लिहावं लागतं". आता हेच शब्द यूट्यूबच्या शोधात टाका :

```
masala packing sticker marathi
```

टाइप करताना खाली सूचना येतात का बघा. सूचना आली, म्हणजे ते शब्द लोक खरंच शोधतात. निकालांत चांगला मराठी व्हिडिओ निघाला, तर तुमची पोकळी खोटी होती, तुम्ही फक्त वेगळा शब्द वापरत होता. निकालांत पुन्हा तेच मशीनचे व्हिडिओ किंवा दुसऱ्या भाषेतले व्हिडिओ आले, तर जागा खरी आहे. प्रश्न एकाच माणसाने विचारलेला असेल, तर थांबा. वेगवेगळ्या तीन-चार व्हिडिओंखाली वेगवेगळ्या लोकांनी विचारला असेल, तर पुढे जा.

पायरी ५ : मथळा आणि डिस्क्रिप्शन लिहा

मथळ्यात १०० अक्षरं बसतात, पण मोबाइलवर शेवट कापला जातो. म्हणून लोकांचे शब्द सुरुवातीला ठेवा :

"मसाल्याच्या पाकिटावर काय छापायचं? घरगुती उद्योगासाठी लेबल"

लोक म्हणतात ते "पाकीट" आधी आलं, सरकारी शब्द "लेबल" नंतर. "महिन्याला लाख कमवा" वगैरे काही नाही. ते लिहिलं तर पैशाच्या आशेने आलेला माणूस लेबल बघून अर्ध्या मिनिटात निघून जाईल, आणि असा व्हिडिओ यूट्यूब पुढे दाखवत नाही.

डिस्क्रिप्शनला ५,००० अक्षरांची मुभा आहे, सगळी वापरायची गरज नाही. पहिल्या दोन ओळी न उघडता दिसतात. त्यात कोणासाठी आणि काय, हे साध्या वाक्यात लिहा : "घरी मसाला करून विकणाऱ्यांसाठी. १०० ग्रॅमच्या एका खऱ्या पाकिटावर एकेक ओळ भरून दाखवली आहे." खाली चॅप्टर :

```
00:00 कोरं पाकीट
00:40 नाव आणि शाकाहारी खूण
02:10 घटक कोणत्या क्रमाने
04:00 वजन, किंमत, तारीख, बॅच
06:30 परवान्याचा १४ अंकी नंबर
08:00 तयार लेबल
```

चॅप्टर चालायला पहिली वेळ 00:00 हवी, किमान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा हवा. वेळेचे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा. शेवटी शब्दांची रांग लावू नका. डिस्क्रिप्शनमध्ये टॅग कोंबणं यूट्यूबच्या नियमात बसत नाही.

व्हिडिओत मात्र बाकीच्यांनी सोडलेलं खरंच भरा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. म्हणजे तुमच्या मसाल्यात धने सर्वांत जास्त असतील, तर मिरचीच्या आधी धने येणार. रेसिपी ज्या क्रमाने तोंडात आहे, त्या क्रमाने नाही. शाकाहारी खूण म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल. अशा बारकाव्यांसाठीच माणूस व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो. नियम सांगण्याआधी ते त्या दिवशीचेच आहेत ना, हे अन्नसुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या आणि तपासल्याची तारीख डिस्क्रिप्शनमध्ये लिहा.

पायरी ६ : २८ दिवसांनी वही पुन्हा उघडा

यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचं अॅनालिटिक्स उघडा. ट्रॅफिक सोर्समध्ये "यूट्यूब सर्च" निवडा. कोणते शब्द शोधून लोक आले, त्याची यादी दिसते.

यादीत "पाकीट", "स्टिकर", "लेबल" दिसले, तर अंदाज बरोबर. "मसाला रेसिपी" शोधून लोक येत असतील, तर मथळा चुकीच्या माणसाला बोलावतोय, तो बदला. शोधातून जवळजवळ कोणीच आलं नसेल, तर पायरी ४ कच्ची राहिली. आणि यादीत एखादा अनपेक्षित प्रश्न दिसला, समजा "लोणचे बरणी लेबल", तर पुढचा विषय प्रेक्षकांनीच दिला.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. अशा अरुंद विषयाला लाखभर लोक येणार नाहीत. पण जे येतील, त्यांच्या हातात माल तयार आहे आणि ते पाकिटापाशी अडलेत. तुम्ही मसाला विकत असाल, तर यातले बरेच जण तुमचे ग्राहक नाहीत, तुमच्यासारखेच विक्रेते आहेत. प्रशिक्षण, पॅकिंगचं साहित्य किंवा घाऊक मसाला विकत असाल तर हा व्हिडिओ सोन्यासारखा. घरगुती ग्राहक हवे असतील तर हाच शोध "काळा मसाला कसा वापरायचा" या बाजूने पुन्हा करा.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या विषयाचे १५ मथळे, पाच रकाने आणि कॉमेंटमधले १० प्रश्न. एवढंच. कॅमेरा पुढच्या आठवड्यात. वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा, पुढच्या भागात त्याच पानावरून स्क्रिप्ट लिहायची आहे.