जनुकनियामक प्रथिनाचे स्थाननिश्चितीकरण : ‘चिप्’ पद्धतीचा परिचय व मर्यादा

अलीकडे वनौषधींच्या अर्कांविषयी जे शोधनिबंध व माहितीपत्रके हाती येतात, त्यांत ‘अमुक अर्क ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरमार्फत कार्य करतो’ अशा आशयाची विधाने वारंवार आढळतात. अशा विधानाच्या पुष्टीसाठी क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन, संक्षेपाने ‘चिप्’, या परीक्षेचा आधार दिलेला असतो. ही परीक्षा काय सिद्ध करते व काय सिद्ध करीत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही एका उदाहरणाच्या आधारे करणार आहोत.

पेशीच्या केंद्रकातील डीएनए मोकळा नसतो. तो प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो व या प्रथिनयुक्त रूपास क्रोमॅटिन म्हणतात. त्यावर विशिष्ट स्थानी बसून जनुकाचे कार्य वाढविणाऱ्या वा कमी करणाऱ्या प्रथिनास ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजेच जनुकनियामक प्रथिन, असे नाव आहे. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर हे असेच एक प्रथिन होय. स्टेरॉइड नसताना ते बहुतांशी केंद्रकाबाहेर असते. स्टेरॉइडचा संयोग होताच ते केंद्रकात शिरते व डीएनएवर बसते. त्यास प्रिय असलेला अक्षरक्रम ज्ञात आहे : ए-जी-ए-ए-सी-ए, मध्ये कोणतीही तीन अक्षरे, व पुढे टी-जी-टी-टी-सी-टी. परंतु सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या मानवी जनुकसंचात याच्याशी मिळतेजुळते क्रम असंख्य ठिकाणी सापडतात, आणि प्रत्यक्षात त्यांपैकी अल्पच ठिकाणी हे प्रथिन बसते. म्हणून केवळ अक्षरक्रम वाचून भागत नाही. प्रथिन जेथे बसले असेल तेथेच त्यास पकडावे लागते.

ही पकड फॉर्माल्डिहाइडने साधली जाते. फुप्फुसाच्या ए-५४९ या पेशींचे उदाहरण घेऊ. प्राणिजन्य सीरममध्ये मूळचेच स्टेरॉइड असते. त्यामुळे पेशी प्रथम कोळशाने शुद्ध केलेल्या सीरममध्ये वाढवितात. मग एका भागास डेक्सामेथासोन व दुसऱ्या भागास केवळ त्याचे द्रावक, म्हणजे इथेनॉल, देऊन एक तास ठेवतात. नंतर १ टक्का फॉर्माल्डिहाइड साधारण १० मिनिटे घालतात. त्याने प्रथिन व डीएनए जागच्या जागी जखडले जातात. ग्लायसिन घालून ही क्रिया थांबविली जाते. येथे वेळेचे भान महत्त्वाचे आहे. फॉर्माल्डिहाइड कमी काळ दिल्यास प्रथिन पुढील धुलाईत सुटून जाते, तर अधिक काळ दिल्यास क्रोमॅटिन नीट तुटत नाही.

पुढे ध्वनितरंगांच्या आघाताने क्रोमॅटिनचे २०० ते ५०० अक्षरांचे तुकडे करतात. या मिश्रणाचा अल्प भाग, समजा १ टक्का, ‘इनपुट’ म्हणून बाजूला राखून ठेवतात. उरलेल्या भागात रिसेप्टरला ओळखणारा प्रतिपिंड घालतात व चुंबकीय मण्यांच्या साहाय्याने त्यास चिकटलेले तुकडे वेगळे काढून धुतात. शेवटी रात्रभर ६५ अंश सेल्सिअस उष्णतेवर ठेवून बंध सोडवितात, प्रथिने पचवून टाकतात व शुद्ध डीएनए मिळवितात. रिसेप्टर जेथे बसला होता तेथील तुकडे या डीएनएत अधिक प्रमाणात असतात.

सर्व जनुकसंच वाचण्यापूर्वी एखाद्या ज्ञात स्थानी पडताळा घ्यावा लागतो. एफकेबीपी-५ हे स्टेरॉइडला प्रतिसाद देणारे सुपरिचित जनुक आहे. तेथील बंधनस्थानाची मोजणी क्यूपीसीआर यंत्राने करतात. या यंत्रात प्रत्येक आवर्तनास डीएनए दुप्पट होतो, म्हणून नमुना जितक्या लवकर दिसेल तितका डीएनए अधिक. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. दोन्ही भागांचे १ टक्का इनपुट २७व्या आवर्तनास दिसले. डेक्सामेथासोनचा नमुना २६व्या आवर्तनास, म्हणजे एक आवर्तन आधी दिसला. त्याचा अर्थ इनपुटच्या दुप्पट, म्हणजे २ टक्के डीएनए हाती आला. इथेनॉलचा नमुना ३०व्या आवर्तनास दिसला. तीन आवर्तने उशीर म्हणजे आठवा हिस्सा, अर्थात ०.१२५ टक्का. दोहोंत सोळा पटींचे अंतर पडले. मात्र रिसेप्टर जेथे बसत नाही अशा एखाद्या स्थानी दोन्ही नमुने सारखेच उशिरा, समजा ३१व्या आवर्तनास, दिसले पाहिजेत. तेथेही अंतर पडल्यास प्रयोगात दोष आहे असे समजावे.

या पडताळ्यात उतरलेला डीएनएच संपूर्ण वाचनासाठी यंत्रात घालतात. कोट्यवधी तुकडे वाचून ते जनुकसंचाच्या नकाशावर मांडले जातात. जेथे ढीग उंच होतो तेथे बंधनस्थान मानले जाते. पण क्रोमॅटिनचा मोकळा भाग आघाताने सहज तुटतो व तेथे प्रतिपिंडाविनाही ढीग होतो. इनपुटचेही वाचन करून त्याच्याशी तुलना केली तरच हा आभास ओळखता येतो. दुसरा धोका प्रतिपिंडाचा. तो अन्य प्रथिनासही पकडत असेल तर नकाशा भलत्याच प्रथिनाचा निघतो. ज्या पेशींतून रिसेप्टर काढून टाकला आहे, त्यांत हे ढीग नाहीसे होतात काय, हे पाहणे ही त्याची खरी कसोटी होय.

आता निष्कर्षाकडे वळू. सन २००९ मध्ये टिमोथी रेड्डी, रिचर्ड मायर्स व सहकाऱ्यांनी याच पेशींवर डेक्सामेथासोन देऊन हा अभ्यास प्रसिद्ध केला. रिसेप्टर ४,३९२ स्थानी बसलेला आढळला. परंतु एका तासात ज्यांचे कार्य लक्षणीय रीत्या बदलले अशी जनुके केवळ २३४ निघाली. कार्य वाढलेल्या जनुकांच्या आरंभबिंदूपासून निकटचे बंधनस्थान मध्यमानाने ११ हजार अक्षरांवर होते, तर कार्य घटलेल्या जनुकांपासून ते १ लाख ४६ हजार अक्षरांवर होते. तात्पर्य, प्रथिन बसले म्हणजे शेजारचे जनुक चालू वा बंद झाले असे नव्हे. चिप् परीक्षा स्थान दाखविते, कार्य दाखवीत नाही. कार्यासाठी आरएनएचे मोजमाप स्वतंत्रपणे करावे लागते. शिवाय हे स्थान पेशीच्या प्रकारानुसार बदलते, कारण रिसेप्टर बहुतांशी आधीच मोकळ्या असलेल्या क्रोमॅटिनवर बसतो. फुप्फुसाच्या पेशींतील नकाशा यकृतास लागू करता येत नाही.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने एक मुद्दा विशेष विचारणीय आहे. एखाद्या अर्काने रिसेप्टरचे असेच ढीग उत्पन्न झाले, तर वनस्पतीत स्टेरॉइडसदृश द्रव्य असल्याचा आनंद मानण्यापूर्वी नमुन्यात डेक्सामेथासोनची भेसळ नाही ना, हे क्रोमॅटोग्राफीने तपासणे अगत्याचे आहे. चिप् परीक्षेस रिसेप्टर कोणत्या द्रव्याने जागा झाला हे कळत नाही. भेसळीचे स्टेरॉइड व वनस्पतीचे द्रव्य तिला सारखेच. म्हणून असा अहवाल कोणी दाखविल्यास त्यासोबत मूळ नमुन्याचा भेसळपरीक्षण अहवाल, केवळ द्रावक दिलेल्या पेशींचा निष्कर्ष, इनपुटची तुलना व आरएनएचे मोजमाप मागावे, असे आम्ही सुचवितो. यांपैकी पहिला नसल्यास उर्वरित तिन्ही निर्दोष असूनही तो अहवाल त्या वनस्पतीविषयी काहीच सांगत नाही.