नातेवाइकाला घर राहायला देताना

बहिणीचा मुलगा नोकरीसाठी पुण्यात येतो, मावशीचा कोथरूडचा फ्लॅट रिकामा असतो, आणि "राहा की, बाहेर भाडं कशाला भरतोस" एवढ्या वाक्यावर चावी त्याच्या हातात पडते. कागद नाही, मुदत नाही, पैशांचं बोलणं नाही. सातआठ वर्षं सगळं सुरळीत चालतं. मग मावशीला फ्लॅट विकायचा असतो किंवा स्वतःच्या मुलासाठी हवा असतो, आणि भाचा म्हणतो, "मी इथं इतकी वर्षं राहतोय, मला असं काढता येणार नाही."

काढता येतं. मात्र ते किती सोपं जाईल, हे मधल्या वर्षांत मावशीने काय केलं आणि काय टाळलं, यावर ठरतं. म्हणून आधी या व्यवहाराला कायदा काय समजतो ते पाहू.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 105 प्रमाणे भाडेपट्टा म्हणजे जागेच्या उपभोगाचा हक्क मोबदल्याच्या बदल्यात दुसऱ्याला देणं. तो मोबदला दिलेला असेल किंवा द्यायचं कबूल केलेलं असेल. भाडेकरूकडे जागेतला एक हक्क खरोखर जातो, म्हणून तर भाडेनियंत्रण कायदा त्याला संरक्षण देतो. याउलट 1882 च्या ईझमेंट अ‍ॅक्टमधलं कलम 52 परवान्याचं आहे. मालकाच्या संमतीशिवाय जे करणं बेकायदेशीर ठरलं असतं, ते त्याच्या संमतीने करण्याची मुभा म्हणजे परवाना. त्यात जागेतला कोणताही हक्क हस्तांतरित होत नाही. भाचा मावशीच्या घरात राहतो तो मावशीच्या संमतीवर, आणि कायद्याच्या नजरेत ताबा मावशीचाच राहतो.

फ्लॅटची किल्ली एकट्या भाच्याकडे होती, मावशी तिथं राहत नव्हती, एवढ्याने तो भाडेकरू होत नाही. न्यायालय दोघांचा हेतू पाहतं. जागा जिव्हाळ्यापोटी, अडचणीत मदत म्हणून दिली असेल, तर भाडेकरार करण्याचा हेतूच नव्हता असं मानलं जातं. वर्षं कितीही गेली तरी यात फरक पडत नाही. 2012 साली सर्वोच्च न्यायालयापुढे गोव्यातल्या बहीणभावाचं प्रकरण आलं, मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस विरुद्ध इरास्मो जॅक दि सिक्वेरा. न्यायालयाने बहिणीच्या बाजूने निकाल देताना स्पष्ट केलं, की ज्याला विनामोबदला राहू दिलं आहे त्याला कितीही वर्षांच्या, अगदी दशकांच्या वास्तव्यानेही त्या जागेत हक्क मिळत नाही. बारा वर्षं राहिलं की घर आपलं होतं, ही समजूत इथं चालत नाही. प्रतिकूल ताब्यासाठी मालकाचा हक्क उघडपणे नाकारून राहावं लागतं. परवानगीने राहणारा माणूस तो हक्क मान्य करूनच राहत असतो.

आता चावी देण्याआधीचं काम. घर खरोखर एकट्याचं आहे ना, हे पाहा. वडिलोपार्जित घरात राहणारा चुलतभाऊ हिस्सेदार असेल, तर तो तुमच्या परवानगीने राहत नाही, स्वतःच्या हक्काने राहतो. तिथं मार्ग वाटपाचा आहे आणि या लेखातलं काहीच तिथं लागू होत नाही. सूनही वेगळ्या जागी उभी आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, मग घर सासूच्या नावावर का असेना. तिला "परवानगी मागे घेतली" म्हणून बाहेर काढता येत नाही.

घर तुमचंच असेल, तर एक पान लिहून घ्या. भाच्याला राग येईल या भीतीने बहुतेक लोक इथंच थांबतात, आणि पुढच्या भांडणाचं मूळही इथंच असतं. पान भाच्याने लिहायचं, भाषा साधी ठेवायची: "कोथरूड येथील फ्लॅट माझ्या मावशीच्या मालकीचा आहे. माझ्या विनंतीवरून तिने मला व माझ्या पत्नीला तेथे तात्पुरते राहण्याची परवानगी दिली आहे. यासाठी मी कोणतेही भाडे, अनामत रक्कम किंवा इतर मोबदला दिलेला नाही व देणार नाही. ही परवानगी आम्हा दोघांपुरती आहे. मावशीने सांगितल्यापासून तीस दिवसांत मी फ्लॅट रिकामा करून चावी परत देईन. तेथे राहिल्यामुळे माझा फ्लॅटमध्ये कोणताही हक्क निर्माण होणार नाही." खाली तारीख, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. साक्षीदारांपैकी एक भाच्याच्या बाजूचा असावा, म्हणजे त्याचे वडील किंवा भाऊ. स्टॅम्प पेपरवर घेऊन नोटरी केली तर उत्तम. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यातल्या परवानाधारकाच्या व्याख्येत परवाना शुल्क गृहीत धरलेलं आहे आणि एकत्र राहणारा कुटुंबीय त्या व्याख्येतून वगळलेला आहे. म्हणून शुल्क घेऊन केलेल्या लीव्ह अँड लायसन्सला जशी नोंदणी सक्तीची आहे, तशी ती इथं नाही.

भाचा आधीपासून राहत असेल, तरीही हे पान आज घेता येतं. "सन 2018 पासून राहत आहे" असा उल्लेख करून तेच सगळं लिहायचं. तेही जमत नसेल तर मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर, सहज बोलण्याच्या ओघात, "तुला भाडं न घेता राहायला दिलंय, पुढच्या वर्षी मला लागेल" असं लिहावं. त्यावर आलेलं "हो मावशी" हा पुरावाच असतो. तो मेसेज पुसू नये.

सगळ्यात जास्त गोंधळ पैशांवरून होतो. भाच्याने महावितरणचं बिल भरलं, सोसायटीचा मेंटेनन्स भरला, तर ते भाडं होत नाही. वापरणारा खर्च उचलतो एवढाच त्याचा अर्थ. पण ही बिलं त्याने थेट भरावीत आणि मीटर मावशीच्याच नावावर राहावा. मावशीच्या खात्यात दर महिन्याच्या पाच तारखेला चार हजारांची ठरीव रक्कम येत राहिली, तर पासबुकातली ती ओळ पुढे "भाडं" म्हणून वाचून दाखवली जाईल. कधी परतफेड घ्यावी लागलीच तर बिलाएवढीच घ्या आणि तपशिलात "वीजबिल, मार्च" असं लिहायला सांगा.

याहून घातक मागणी असते भाडेपावतीची. भाचा म्हणतो, "मावशी, ऑफिसात एचआरएसाठी बारा पावत्या लागतात, नुसती सही कर, पैशांचं काही नाही." त्या सहीने मावशी स्वतःच्या हाताने भाड्याचा पुरावा तयार करून देते. त्या पावत्या कंपनीत जमा होतात, आणि दहा वर्षांनी न्यायालयातही येऊ शकतात. शिवाय न घेतलेल्या भाड्याची पावती देणं म्हणजे करचुकवेगिरीला हातभार लावणं. इथं नाही म्हणायलाच हवं. सोसायटीच्या फॉर्मवरही तेच पथ्य पाळावं. "भाडेकरूचे नाव" या रकान्यात भाच्याचं नाव जाऊ देऊ नका. सेक्रेटरीला पत्र द्या, की राहणारा माझा भाचा आहे आणि भाडं घेतलेलं नाही. भाचा उपविधींमधल्या कुटुंबाच्या व्याख्येत बसला नाही तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच असतं. ते भरावं, पण ते टाळण्यासाठी खोटं नातं दाखवू नये.

दुसरा धोका बांधकामाचा. परवाना केव्हाही मागे घेता येतो या नियमाला ईझमेंट अ‍ॅक्टच्याच कलम 60 मध्ये अपवाद आहे. परवान्याच्या आधारावर राहणाऱ्याने कायम स्वरूपाचं काम केलं असेल आणि त्यासाठी खर्च केला असेल, तर परवाना मागे घेता येत नाही, असा वाद तो उभा करू शकतो. फ्लॅटमधल्या रंगाने किंवा नव्या पंख्यांनी असं काही होत नाही. गावाकडच्या मोकळ्या जागेवर चुलतभावाला "बांध एक खोली" म्हणणं मात्र फार महागात पडू शकतं. तो विटा-सिमेंट आणतो, ग्रामपंचायतीत नमुना आठवर भोगवटादार म्हणून नाव लावतो, घरपट्टी भरतो. घरपट्टीने मालकी मिळत नाही हे खरं, पण खोली उभी राहिलेली असते आणि खर्च त्याचा झालेला असतो. म्हणून असं काम मालकाने स्वतःच्या पैशाने करावं आणि बिलं आपल्या नावावर घ्यावीत. ते शक्य नसेल तर काम सुरू होण्याआधी खर्चाची रक्कम लिहून ठेवावी, आणि "हा खर्च मी स्वेच्छेने केला असून त्यामुळे मला जागेत हक्क मिळत नाही" असं त्याच्या सहीनिशी घ्यावं.

परत मागण्याची वेळ आली की आधी घरात बोला, साक्षीला एखादं वडीलधारं माणूस असू द्या. मग टपालाने, पोचपावतीसह नोटीस पाठवा. तिच्यात चार गोष्टी लागतात: घर तुमचं आहे, राहण्याची परवानगी विनामोबदला होती, ती आता मागे घेतली आहे, आणि अमुक तारखेपर्यंत घर रिकामं करावं. ईझमेंट अ‍ॅक्टचं कलम 63 राहणाऱ्याला सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ देतं. तीस दिवस सहसा पुरतात. मुलांची परीक्षा असेल तर मे अखेरपर्यंत द्या, न्यायाधीशही तेच पाहतील. नोटिशीत "भाडेकरार संपुष्टात" किंवा "थकीत भाडे" असे शब्द टाकू नका. तयार मसुद्यातून ते नकळत येतात आणि समोरचा वकील तेच पकडतो. मुदत संपल्यावर कोणत्याही नावाखाली पैसे घेऊ नका.

कुलूप बदलणं, वीज तोडणं, सामान बाहेर काढणं यातलं काहीही करू नका. ज्याचा ताबा बळाने काढला तो सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली दावा लावू शकतो. गोव्याच्या प्रकरणात भावाचा दावा याच कलमाखालचा होता, आणि त्यासाठी बहिणीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

नोटिशीच्या उत्तरात साधारणपणे दोन गोष्टी येतात. "मी दरमहा रोख भाडं देत होतो" किंवा "मावशीने घर मला तोंडी बक्षीस दिलं होतं." भाडं दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी भाडं दिल्याचं सांगणाऱ्यावर असते. सामान्यतः स्थावराचं बक्षीस नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. मुंबईत असा दावा लघुवाद न्यायालयात दाखल करायचा. विनामोबदला राहणारासुद्धा त्या न्यायालयाच्या कक्षेत येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये प्रभुदास दामोदर कोटेचा प्रकरणात नक्की केलं. त्याआधी चुकीच्या न्यायालयात गेलेल्या दाव्यांत लोकांची वर्षं गेली. इतर ठिकाणी तिथलं लघुवाद न्यायालय, आणि ते नसेल तर दिवाणी न्यायालय. दाव्यात ताब्याबरोबर नोटिशीची मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंतची नुकसानभरपाईही मागा. परवानगी होती तोवरचा काळ मोफतच राहील, पुढचा नाही. ही भरपाई त्या भागातल्या दराने मागायची असल्यामुळे त्याच इमारतीतल्या एकदोन नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सच्या प्रती आधीच मिळवून ठेवा.

मावशी मध्येच वारली तर तिची परवानगी तिच्याबरोबर संपते. वारसांनी महिन्याभरात भाच्याला पत्र द्यावं: एक तर त्यांच्या वतीने नवी परवानगी आणि नवं पान, नाहीतर रिकामं करण्याची तारीख.