तिघांची आद्याक्षरं जोडून नाव ठेवायचं? आधी ही परीक्षा घ्या

भागीदारीत धंदा सुरू करताना नावाचा विषय निघाला की हमखास एक तोडगा पुढे येतो. "तिघांच्या नावातलं एकेक अक्षर घेऊया, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको." भागीदारांच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण सगळ्यांना सारखा मान मिळतो. पण गिऱ्हाइकाला तुमची नावंच माहीत नसतात. त्यामुळे तुम्हाला ज्या अक्षरांत तीन माणसं दिसतात, त्याला तिथे फक्त तीन आवाज ऐकू येतात. ते आवाज त्याच्या लक्षात राहतील का, एवढंच आपल्याला तपासायचं आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा प्रमिला, बबिता आणि विद्या कराडला घरगुती मसाल्यांचा धंदा सुरू करतायत. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी. नाव ठरलं 'पीबीव्ही मसाले'. कागदावर छान दिसतं. आता ते फोनवर बोलून बघा.

"हॅलो, पीबीव्ही मसाल्यातून बोलतेय." समोरून उत्तर येतं, "कोण? बीपीडी?" यात ऐकणाऱ्याचा काही दोष नाही. इंग्रजीतली बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही ही अक्षरं सगळी 'ई'वरच संपतात. फोनवर, बाजाराच्या गोंगाटात त्यांच्यातला फरक पुसला जातो. शिवाय अक्षरांना अर्थ नसल्यामुळे त्यांचा क्रमही लक्षात राहत नाही. पीबीव्हीचं बीपीव्ही व्हायला वेळ लागत नाही, आणि मसाल्याच्या पाकिटावरून कुणाला 'बीपी' आठवावं असं तुम्हाला नक्कीच वाटणार नाही!

मग मोठ्या कंपन्यांचं कसं चाललं?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. डीएचएल हे नाव खरंच तीन भागीदारांच्या आडनावांवरून आलंय: डाल्सी, हिलब्लॉम आणि लिन. पण 1969 साली त्यांनी सुरुवात केली ती जहाजांची कागदपत्रं विमानाने पोचवण्यापासून. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे कंपन्या. त्यांच्याकडे बिल असतं, पत्ता असतं, रोजचं काम असतं. तेच नाव पुन्हा पुन्हा समोर येतं आणि पाठ होतं. एल अँड टीचंही तसंच. 1938 मध्ये मुंबईत लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी भागीदारी सुरू केली, पण त्यांना यंत्रं विकायची होती कारखान्यांना.

तुमचं गिऱ्हाईक पाकीट एकदा नेतं आणि पुढचं पाकीट महिन्या-दीड महिन्याने घेतं. मधल्या काळात नाव त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून सरळ हिशोब असा: तुमचा माल ठरावीक कंपन्यांना, कंत्राटदारांना, हॉटेलांना जात असेल, तर आद्याक्षरं चालून जातात. दुकानातून किंवा तोंडी प्रचारातून विकायचं असेल, तर नावाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं.

अक्षरं की शब्द?

आद्याक्षरं जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, सुटी अक्षरं उच्चारायची, जसं पीबीव्ही. दुसरी, नावांचे तुकडे जोडून एक शब्द करायचा. खेळण्यांची मॅटेल कंपनी 1945 मध्ये अशीच सुरू झाली: मॅटसनमधलं 'मॅट' आणि इलियटमधलं 'एल'. अर्थ काहीच नाही, पण एका दमात उच्चारता येतं.

मराठीत तर कधी कधी लॉटरीच लागते. समजा सुनंदा आणि गीता मिळून पिठं विकतायत. सु अधिक गी, 'सुगी'! धान्य घरात येण्याचा हंगाम. इथे गिऱ्हाइकाला सुनंदा-गीता माहीत असण्याची गरजच उरली नाही. नाव ऐकलं की डोळ्यांसमोर धान्य येतं.

आपल्या तिघींचं बघू. 'प्रबवि' म्हणताना जीभ अडखळते. 'बविप्र'चं तेच. 'विप्र' सोपं आहे, पण त्याचा अर्थ ब्राह्मण असा होतो. मसाल्याशी संबंध नाही, ऐकणाऱ्याचा गैरसमज होणार, आणि बबिता बाहेर राहिली ती वेगळीच. म्हणजे या तीन नावांतून शब्द तयार होत नाही. असं झालं तर ओढूनताणून शब्द बनवू नका.

दहा माणसांची परीक्षा

तरीही भागीदारांचं एकमत होत नसेल तर वाद घालू नका, तपासा. तुमच्या धंद्याबद्दल काहीच माहीत नसलेली दहा माणसं निवडा. नातेवाईक नकोत, ते नाव आधी ऐकून बसलेले असतात.

प्रत्येकाला फोन करा आणि साध्या वाक्यात नाव एकदाच सांगा. लगेच म्हणा, "जरा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवता का?" किती जणांनी बरोबर लिहिलं ते मोजा. दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारा, "काल मी कुठलं नाव सांगितलं होतं?" दोन्ही वेळा दहापैकी सात जणांना जमलं, तर मी ते नाव पुढे नेतो. लिहिताना चुकले तर उच्चारात गडबड आहे. लिहिलं बरोबर, पण दुसऱ्या दिवशी विसरले, तर नावात धरून ठेवण्यासारखं काही नाही.

पास झालेलं नाव ट्रेडमार्कच्या ipindia.gov.in या साइटवर शोधा. मसाले आणि पिठं वर्ग 30 मध्ये येतात. तिथे उच्चारावरून शोधायचीही सोय आहे, तीही वापरा. सुट्या तीन अक्षरांच्या नावांना इथे जास्त अडचण येते, कारण एकाच अक्षराचा फरक असलेलं नाव आधीच कुणाकडे तरी असू शकतं. समजा तिघींच्या नावांतून 'एमडीआर' निघालं असतं, तर 'एमडीएच' आठवल्याशिवाय कोण राहिलं असतं?

मग मानाचं काय?

खरी गाठ इथेच आहे, आणि ती सोडवणं अवघड नाही. फर्मचं नाव आणि पाकिटावरचं मोठं नाव एकच असलं पाहिजे असा नियम नाही. भागीदारी करारनाम्यात आणि बँक खात्यावर 'पीबीव्ही फूड्स' ठेवा. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता द्यावाच लागतो, तिथे छोट्या अक्षरांत तेच येईल. तिघींचा मान राहिला.

वर मोठ्या अक्षरांत गिऱ्हाइकासाठी नाव. या तिघी मसाला डंकावर कुटून घेतात. तो कुटला जातो उखळात, म्हणून 'उखळ' हे नाव परीक्षेला बसवता येईल. फोनवर ऐकू येतं, लिहिता येतं आणि मसाल्याशी नातं सांगतं.

एक गोष्ट मात्र आजच करारनाम्यात लिहून घ्या: एखादी भागीदार बाहेर पडली तर नाव कुणाकडे राहणार? मॅटेलमधून मॅटसन लवकरच बाहेर पडले, पण त्यांचं 'मॅट' आजही नावात आहे. आपल्याकडे लेखी काही ठरलं नसेल, तर बबिता निघताना "माझं 'बी' काढा" म्हणू शकते, आणि तोपर्यंत हजारो पाकिटं छापून झालेली असतात. "नाव फर्मच्या मालकीचं राहील, बाहेर पडणाऱ्या भागीदाराचा त्यावर हक्क राहणार नाही" अशा अर्थाचं कलम वकिलाकडून घालून घ्या, आणि मगच पाकिटं छापायला द्या.