बदलून द्यायच्या आधी तीन जागा तपास

बाळा, स्मार्ट प्लग किंवा बल्ब फोनला जोडला जात नाही म्हणून गिऱ्हाईक बोलावतं, तेव्हा त्याच्या मनात एकच असतं: वस्तू खराब आहे, बदलून द्या. तू लगेच बदलायला घेऊ नकोस. काम कुठे अडतंय ते बघ. बहुतेक वेळा ते तीनच जागी अडतं, आणि त्या याच क्रमाने तपासायच्या.

पहिली जागा वायफायचा बँड. घरोघरचे नवे राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालतात. आपण बसवतो ते बहुतेक प्लग आणि बल्ब फक्त 2.4 वर चालतात. 5 चं नेटवर्क त्यांना दिसतच नाही. फोन मात्र राउटरजवळ असला की 5 पकडून बसतो. दोन्हींची नावं वेगळी असतील तर फोन 2.4 वर आण आणि मगच ॲप उघड. एकाच नावाखाली दोन्ही चालू असतील तर राउटरच्या पानावर जा. त्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड बहुतेक राउटरच्या तळाच्या लेबलवर असतो. तिथे Smart Connect किंवा तशाच नावाची सोय बंद करून 5 ला वेगळं नाव दे. 2.4 च्या नावाला हात लावू नकोस, नाहीतर त्या घरात आधी जोडलेलं सगळं तुटेल. त्याच पानावर सुरक्षा फक्त WPA3 वर ठेवलेली दिसली तर WPA2 चालेल असा पर्याय निवड. कित्येक स्वस्त प्लगना WPA3 कळत नाही.

दुसरी जागा रीसेट. इथे घड्याळाकडे नको, दिव्याकडे बघ. बहुतेक प्लगचं बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की दिवा भरभर लुकलुकतो. तो लुकलुकत नाही तोवर ॲपमध्ये काहीही कर, प्लग ऐकायच्या तयारीतच नाही. बल्बला बटण नसतं, म्हणून भिंतीवरचा स्विच सेकंदभर थांबत तीनदा चालू-बंद करायचा आणि शेवटी चालूच ठेवायचा. काही बल्बना पाच वेळा लागतं. डब्यातला कागद वाच. ही तयारी काही मिनिटंच टिकते, म्हणून वायफायचा पासवर्ड आधी विचारून ठेव.

भरभर लुकलुकूनही जोडलं नाही तर पुष्कळ प्लगमध्ये दुसरी वाट असते. बटण पुन्हा दाबून धर, दिवा संथ लुकलुकेल. आता प्लग स्वतःचंच छोटं वायफाय सुरू करतो; फोनच्या यादीतून ते निवड. फोन म्हणेल इथे इंटरनेट नाही, तरी तिथेच राहा आणि तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेव, नाहीतर फोन आपणहून तिकडे वळतो. प्लग जुना वापरलेला असेल तर आधीच्या मालकाच्या खात्यातून तो काढून टाकला आहे का, तेही विचार.

तिसरी जागा सिग्नल. वस्तू जिथे बसवायची तिथे कधीच जोडायला घेऊ नकोस. राउटरच्याच खोलीत जोड, चालवून बघ, मग जागेवर ने. चिंचवडच्या एका फ्लॅटमध्ये गीझरचा 16 अँपियरचा प्लग बाथरूमबाहेर काही केल्या जोडला जाईना. हॉलमध्ये आणल्यावर पहिल्याच फटक्यात जोडला गेला. परत जागेवर नेला तर थोड्या वेळाने ॲपवर Offline. म्हणजे बँड आणि रीसेट दोन्ही सुटले, दोष अंतराचा. फोनवर सिग्नल मोजला तर तिथे उणे 78 डीबीएम. हा आकडा शून्याकडे जाईल तितका चांगला. उणे 67 च्या आसपास असला तर प्लग निवांत चालतो, 75 च्या पलीकडे भरवसा नाही. राउटर टीव्हीच्या मागे लोखंडी कपाटाला चिकटून ठेवला होता. तो उघड्या फळीवर उंच ठेवला, आणि जागेवरचा आकडा 66 वर आला. प्लग तेव्हापासून तुटला नाही. राउटर हलवूनही भागलं नाही तर मधल्या खोलीत रिपीटर लागेल, हे गिऱ्हाइकाला तिथेच स्पष्ट सांग.

राउटरसमोर, 2.4 वर, दिवा भरभर लुकलुकत असताना आणि दुसऱ्या फोनवरूनही वस्तू जोडली गेली नाही, तरच ती खराब म्हण आणि दुकानात परत दे. जोडली गेली तर निघताना घरच्यांना एवढं सांगून ये, की वायफायचं नाव किंवा पासवर्ड बदलला तर हे सगळं नव्याने जोडावं लागेल. नाहीतर महिन्याभराने तीच तक्रार घेऊन तुलाच फोन येईल.