सळई तोडण्याआधी

मुलुंडच्या साइटवर काल तू फिटरला म्हणालास, 'एक्स्ट्रा टॉप एल बाय फोरला तोडा.' मी तिथे काही बोललो नाही, पोरांसमोर बोलायचं नसतं. आता ऐक.

तोच बीम घे. पाच-पाच मीटरचे दोन स्पॅन, 300 बाय 450. फॅक्टर लावून मीटरला 20 किलोन्यूटन डेड, 12 लाइव्ह. दोन्ही स्पॅन भरले की मधल्या कॉलमवर मोमेंट 100 येतो आणि शून्य होतो बरोबर 1.25 मीटरवर. तुझा एल बाय फोर तो हाच. पण डावा स्पॅन भरलेला आणि उजवा रिकामा ठेव. कॉलमवरचा मोमेंट 81 वर येतो खरा, पण उजवीकडचं शून्य 1.63 मीटरपर्यंत सरकतं. सगळ्यात मोठा मोमेंट एका लोडिंगचा, सगळ्यात लांबचं शून्य दुसऱ्याचं. एन्व्हलप काढायचा तो यासाठी, आणि तो मी अजूनही एकदा हाताने काढतो.

तिथे 12 च्या दोन हँगर सळ्या सलग आहेत आणि 16 च्या तीन एक्स्ट्रा. दोन एक्स्ट्रा तोडल्या तर निम्मं स्टील उरतं. मोमेंट निम्मा होतो साधारण 0.55 मीटरवर. तिथेच तोडू नकोस. तिरकी भेग गेली की सळईतला ताण आकृतीपेक्षा पुढे सरकतो, म्हणून पुढे इफेक्टिव्ह डेप्थ किंवा 12 व्यास, जे जास्त असेल ते. इथे डेप्थ 40 सेंटिमीटर, म्हणजे 0.95. त्या टोकाशी शिअर तपास. तो क्षमतेच्या दोन तृतीयांशाच्या वर गेला, तर तिथून पाऊण डेप्थपर्यंत जादा रिंगा घाल.

आता तिसरी एक्स्ट्रा. आयएस 456 सांगतं की आधारावरच्या वरच्या स्टीलचा किमान तिसरा हिस्सा शून्याच्या पुढे गेला पाहिजे. एकूण 829 चौरस मिलिमीटर, तिसरा हिस्सा 276. तुझे हँगर जेमतेम 226! म्हणजे ही तिसरी सळई पुढे न्यायलाच हवी, डेप्थ, 12 व्यास किंवा क्लिअर स्पॅनचा सोळावा भाग, यांतलं जास्त तेवढी. पुन्हा 40 सेंटिमीटरच. 1.63 अधिक 0.40, म्हणजे 2.03.

एकाच लोडिंगची आकृती धरून, एल बाय फोरपुढे हेच 40 सेंटिमीटर जोडूनही, तू 1.65 लाच तोडली असतीस. खऱ्या शून्यापुढे जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. बारीक तिरकी भेग पडते ती अशा टोकापाशी.

ही सगळी मापं कॉलमच्या मध्यापासूनची आहेत. फिटर कडेपासून मोजतो, त्यामुळे शेड्यूलमध्ये कुठून मोजायचं ते लिही. सोमवारी काँक्रीट भरायच्या आधी टेप घेऊन जा आणि ती तिसरी सळई दोन्ही बाजूंनी स्वतः मोज.