मार्चमधलं सर्टिफिकेट, एप्रिलमधलं सर्टिफिकेट

प्रश्न : मी मुळशी तालुक्यात अकरावी वाणिज्यच्या वर्गाला शिकवते. सरळव्याज आणि चक्रवाढव्याजाची सरावपत्रिका तयार करताना वर्गातल्याच एका मुलाच्या घरचं उदाहरण घेतलं. त्याच्या आजोबांनी मार्च 2016 मध्ये पोस्टातून दहा हजारांचं राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र घेतलं होतं. त्यांच्या धाकट्या भावाने तेवढ्याच रकमेचं एप्रिल 2016 मध्ये घेतलं. पाच वर्षांनी आजोबांना 15,162 रुपये मिळाले, भावाला 14,761. एका महिन्याच्या अंतराने चारशे रुपये का कमी झाले, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. शिवाय सहामाही चक्रवाढीचं गणित मुलांना घातलं, तर बऱ्याच जणांचं उत्तर 12,313 आलं आणि काहींचं 22,609. उत्तरपत्रिका कशी लिहावी?

— एक शिक्षिका, पौड, ता. मुळशी

उत्तर : उदाहरण फार चांगलं निवडलंत. ही दोन सर्टिफिकेटं म्हणजे सहामाही आणि वार्षिक चक्रवाढ यांची समोरासमोर मांडलेली जोडी आहे, आणि तीही खऱ्या व्यवहारातली.

31 मार्च 2016 पर्यंत घेतलेल्या पाच वर्षांच्या प्रमाणपत्रावर द.सा.द.शे. 8.5 व्याज होतं आणि ते दर सहा महिन्यांनी मुद्दलात मिळवलं जाई. फेब्रुवारी 2016 मध्ये अर्थ मंत्रालयाने अल्पबचतीचे नियम बदलले. 1 एप्रिलपासून या प्रमाणपत्राचा दर 8.1 झाला आणि चक्रवाढ सहामाहीऐवजी वार्षिक झाली. प्रमाणपत्राचा दर घेतल्या दिवशीच ठरतो आणि पाचही वर्षं तोच राहतो. त्यामुळे आजोबांना जुना नियम लागू राहिला, भावाला नवा. म्हणजे बदल दोन झाले आणि दोन्ही एकाच तारखेला. कोणत्या बदलाने किती रुपये गेले, हे वेगळं काढून दाखवणं हाच तुमच्या पत्रिकेचा गाभा असायला हवा.

त्याआधी पायाचं गणित. दहा हजारांवर 8.5 दराने पाच वर्षांचं सरळव्याज 4,250, म्हणून रास 14,250. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि तास संपेपर्यंत पुसू नका. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

आता सहामाही चक्रवाढ. इथे सूत्र लिहून देण्याची घाई करू नका, आधी पहिलं एकच वर्ष पाहा. 8.5 चा निम्मा दर 4.25. पहिल्या सहा महिन्यांचं व्याज 425 रुपये. ते मुद्दलात गेलं, मुद्दल 10,425 झालं. पुढच्या सहा महिन्यांचं व्याज या नव्या मुद्दलावर, म्हणजे 443 रुपये 6 पैसे. वर्षाअखेर रास 10,868.06. वार्षिक पद्धतीत ती 10,850 झाली असती. जास्तीचे 18 रुपये 6 पैसे आले कुठून? आधीच्या 425 रुपयांवर 4.25 टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज काढा, नेमके तेवढेच येतात. सहामाही आणि वार्षिक यांत पहिल्या वर्षी फरक आहे तो एवढ्या व्याजावरच्या व्याजाचा. हे मुलांनी स्वतःच्या हाताने काढलं की सूत्र आपोआप समजतं.

पाच वर्षांत दहा सहामाही येतात, म्हणून सूत्र असं होतं :

A = 10000 × (1 + 4.25/100)^10

दहावा घात काढायला दहा वेळा गुणावं लागत नाही. 1.0425 चा वर्ग 1.08680625. त्याचा पुन्हा वर्ग केला की चौथा घात, 1.18114782. त्याला एकदा 1.0425 ने गुणलं की पाचवा, 1.23134661. आणि त्याचा वर्ग म्हणजे दहावा, 1.51621446. चार गुणाकारांत काम झालं. रास 15,162.14, म्हणजे आजोबांना मिळालेली रक्कम.

मधल्या पायरीवर दशांश छाटू देऊ नका. पाचव्या घाताशी कुणी 1.23 एवढंच ठेवलं, तर शेवटी रास 15,129 येते, म्हणजे 33 रुपये गायब. आपण जो फरक मोजायला निघालो आहोत तोच मुळात सव्वाशे रुपयांचा आहे, त्यात ही गळती फार मोठी. दोन दशांशांपर्यंत आणायचं ते फक्त शेवटच्या ओळीत.

उत्तरपत्रिकेत पुढचा तक्ता द्या. दर दोन्हीकडे 8.5 च ठेवला आहे, बदलली आहे ती फक्त चक्रवाढीची पद्धत.

| वर्षाअखेर | वार्षिक (रु.) | सहामाही (रु.) | फरक (रु.) |
|---|---|---|---|
| 1 | 10,850.00 | 10,868.06 | 18.06 |
| 2 | 11,772.25 | 11,811.48 | 39.23 |
| 3 | 12,772.89 | 12,836.79 | 63.90 |
| 4 | 13,858.59 | 13,951.10 | 92.51 |
| 5 | 15,036.57 | 15,162.14 | 125.57 |

वार्षिक रकान्यातला 15,036.57 हा आकडा प्रत्यक्षात कुणाच्याच हाती पडला नाही, पण आजोबांच्या घरातला प्रश्न सुटतो तो त्याच्यामुळेच. दर तोच राहून फक्त चक्रवाढ वार्षिक झाली असती, तर रास एवढी भरली असती. म्हणजे पद्धत बदलल्यामुळे गेले 125 रुपये 57 पैसे. भावाची रास 8.1 दराने वार्षिक, म्हणजे 14,761.43. तेव्हा दर उतरल्यामुळे गेले 275 रुपये 14 पैसे. दोन्हींची बेरीज 400 रुपये 71 पैसे. दराची कपात सगळ्यांच्या नजरेत येते. पण जवळजवळ तिसरा हिस्सा ज्या बदलाने गेला, तो बदल दराच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. मला वाटतं, मुलांनी घरी जाऊन आजोबांना हेच सांगावं.

आता चुकीच्या उत्तरांकडे. 12,313 लिहिणाऱ्या मुलांनी दर निम्मा केला, पण वर्षं पाचच ठेवली. त्यांचं गणित चुकीचं नाही, ते अडीच वर्षांतच थांबलं आहे. इथे फळ्याच्या कोपऱ्यातला 14,250 कामाला येतो. व्याज मुद्दलात मिळवत गेल्यावर पूर्ण पाच वर्षांची रास सरळव्याजाच्या राशीपेक्षा कमी भरूच शकत नाही. 22,609 वाल्यांनी उलटं केलं. त्यांनी घात दहा घेतला, पण दर 8.5 च ठेवला. ती रास दहा वर्षांची आहे. तिलाही एक खूण आहे : पद्धत बदलल्याने पाच वर्षांत दहा हजारांवर शे-सव्वाशेचा फरक पडतो, साडेसात हजारांचा नाही. गुण देताना या दोन्ही मुलांना शून्य देऊ नका. त्यांचं उत्तर कोणत्या मुदतीला बरोबर आहे ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

पत्रिकेच्या शेवटी एक प्रश्न घाला, कारण व्यवहारात तो खरोखर समोर येतो. एका ठिकाणी 8.5 टक्के सहामाही चक्रवाढीने मिळतात, दुसरीकडे 8.7 वार्षिक. पैसे कुठे ठेवाल? पुष्कळ मुलं ‘सहामाही’ हा शब्द पाहूनच पहिला पर्याय निवडतील. पण एका वर्षाची रास काढायला लावा. पहिलीकडे 10,868.06, दुसरीकडे 10,870. म्हणजे सहामाहीचे 8.5 हे वार्षिक 8.68 च्या बरोबरीचे आहेत आणि 8.7 त्यापेक्षा थोडे सरस. पाच वर्षांनी वार्षिकवाला साडेतेरा रुपयांनी पुढे असतो. बँकांच्या मुदतठेवींत चक्रवाढ बहुतेक तिमाही असते. तिथेही रीत हीच, फक्त दराला चारने भागायचं आणि वर्षांना चारने गुणायचं.